जन्मावरून कुणी चोर ठरतो का? सोलापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाची प्रतिष्ठा, समान मोल, भेदभाव हे शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका परिच्छेदात येऊन जातात आणि परीक्षेत दोन गुणांचे होऊन संपतात. इथे ते आपण सोलापुरातल्याच एका जागेच्या गोष्टीतून समजून घेऊ. ती जागा म्हणजे सेटलमेंट. प्रश्न सातवी ते दहावीची मुलं-मुली विचारतात तसेच ठेवले आहेत. काही टोचणारे आहेत, तेही गाळलेले नाहीत.

सेटलमेंट म्हणजे नक्की काय होतं? आम्हाला तर ते एका वस्तीचं नाव वाटतं.

आज ते वस्तीचंच नाव आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी पुरतं. पण इंग्रजांच्या काळात ती तारेच्या कुंपणातली सरकारी वसाहत होती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबं तिथे आणून ठेवली होती. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी लागायची. बाहेर जायचं तर पास घ्यावा लागायचा, त्यावर कुठे जाणार आणि कधी परतणार हे लिहिलेलं असायचं. बरेच जण सोलापूरच्या कापडगिरण्यांत कामाला जात आणि पाळी संपली की परत तारेच्या आत येत.

तुरुंगात जाण्याआधी निदान खटला तरी चालतो. काय केलं ते सांगतात, साक्षीदार येतात, आपली बाजू मांडायला मिळते, शिक्षेला मुदत असते. इथे यातलं काहीच नव्हतं. तुम्ही अमक्या जमातीत जन्मलात एवढं कारण पुरे होतं, आणि कुंपणाच्या आत जन्मलेलं बाळसुद्धा जमातीच्या त्याच सरकारी वहीत जायचं.

असा कायदा खरंच होता?

होता. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ साली तो नव्याने केला आणि त्यानंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

त्याची रीत समजून घ्या, कारण पुढचे सगळे प्रश्न तिथूनच येतात. सरकार एक जाहीरनामा काढायचं की अमकी जमात आजपासून 'गुन्हेगार जमात' आहे. मग त्या जमातीतल्या माणसांची नावं वहीत चढायची. १९११ नंतर बोटांचे ठसेही घ्यायला लागले. नाव चढलं की हजेरी आली, राहण्याच्या जागेवर बंधन आलं, पास आला. मुलांना आईवडिलांपासून वेगळं काढून दुसरीकडे ठेवण्याची तरतूदही कायद्यात होती. आणि आमची जमात गुन्हेगार नाही म्हणून त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. ती वाट कायद्यानेच बंद केली होती.

पण त्यातले काही जण खरंच चोऱ्या करत असतील ना?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. बहुतेक वेळा विचारणारा आधी इकडेतिकडे बघतो. पण तो विचारायलाच हवा.

काही जण करत असतील. चोरी करणारी माणसं प्रत्येक जातीत, प्रत्येक पेठेत असतात. ज्याने चोरी केली त्याला पकडा, पुरावा द्या, शिक्षा करा, याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती ज्याने केली नाही त्याच्या नावापुढेही 'गुन्हेगार' लिहिण्याला.

यात एक हिशेबाची गंमतही आहे. समजा तुमच्या वर्गात ४० मुलं आहेत आणि त्यातली ५ एका वस्तीतून येतात. वर्षभरात चार चोऱ्या झाल्या. एक वस्तीतल्या मुलाने केली, तीन बाकीच्यांनी. पण दर वेळी दप्तरं तपासली ती फक्त त्या पाच जणांची. मग वर्षाच्या शेवटी पकडलेला चोर एकच असणार आणि तो वस्तीतलाच असणार. वहीत लिहिलं जाणार: 'पकडलेले सर्व चोर वस्तीतले.' वही खोटं बोलत नाही. फक्त ती कुठे पाहिलं एवढंच सांगते, चोर कुठे होते ते सांगत नाही. पुढच्या वर्षी नवे शिक्षक येतात, ती वही वाचतात आणि पुन्हा त्याच पाच जणांकडे वळतात.

जमातींच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि वर आणखी एक गोष्ट. हजेरी चुकवणं हाच त्या कायद्याने गुन्हा केला होता. पास नसताना बाहेर सापडणं हाही गुन्हा. म्हणजे बहीण आजारी आहे म्हणून कुणी पास न घेता शेजारच्या गावी गेला, तर तो सरकारी कागदावर गुन्हेगार व्हायचा. असे गुन्हे मोजून मग म्हणायचं की बघा, ही जमात किती गुन्हे करते.

आणि पोट भरण्याचं काय? यातले अनेक लोक आधी भटकून कामं करत. कुणी टोपल्या विणत, कुणी शिकार करत, तर इतर भटक्यांचे तांडे बैलांवर आणि गाढवांवर मीठ, धान्य वाहत. रेल्वे आली आणि माल वाहण्याचा धंदा बसला. जंगलाचे कायदे आले आणि शिकार हाच गुन्हा झाला. ज्यांचं गाव नाही, शेत नाही, ज्यांची हमी घ्यायला पाटील नाही, ती माणसं सरकारच्या डोळ्यांत खुपत होती. ती कुठे आहेत हे माहीत असावं असं सरकारला वाटत होतं. गुन्ह्याचं नाव पुढे केलं तरी खरी अडचण बऱ्याचदा त्यांच्या फिरण्याचीच होती.

मग ही इंग्रजांची चूक. आपला काय संबंध?

कायदा त्यांचा, पण कल्पना त्यांना इथेच मिळाली. कायदा करताना अधिकाऱ्यांनी जो युक्तिवाद केला तो थोडक्यात असा: हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर. तेव्हा चोराचा मुलगाही चोरच असणार. म्हणजे माणूस काय आहे ते त्याच्या जन्मावरून कळतं, ही जातीची जुनी समजूत त्यांनी उचलली आणि तिला सरकारी शिक्का मारला. तो शिक्का गावोगाव चालला, कारण गावांना तो पटला होता. चोरी झाली की पालावर जाऊन दोघांना धरून आणायचं, ही रीत चालवायला प्रत्येक गावात गोरा साहेब थोडाच होता!

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण बघा, त्यात तर इंग्रज नाहीतच. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. चौदाव्या शतकातला हा माणूस विठ्ठलाची भक्ती करत राहिला, पण देवळाच्या आत त्याला जाता आलं नाही, आणि त्याची समाधीही पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. त्यानंतर काही शतकं दलितांसाठी ते दार बंद राहिलं. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात १ मेपासून प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा १० मे रोजी मंदिर उघडण्याचं मान्य होऊन ते सुटलं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिनेच उरले होते. एकीकडे तारेच्या आत कोंडणं आणि दुसरीकडे दाराबाहेर ठेवणं, दोन्हींचं कारण एकच: तू कुठे जन्मलास.

सोलापूरकर म्हणून आणखी एक गोष्ट आपल्याला समजायला सोपी जावी. मे १९३० मध्ये या शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. जवळजवळ दीड महिना अख्ख्या शहराला बूट दाखवला गेला, कुणी काय केलं हे न विचारता. चार हुतात्म्यांची नावं आपण अभिमानाने घेतो आणि त्या सामूहिक जुलमाची चीड आपल्याला आजही येते. मग त्याच शहरात, त्याच काळात, तारेच्या आत राहणाऱ्यांवर वर्षानुवर्षं तोच न्याय चालू होता, त्याबद्दल आपल्या सभांत, भाषणांत इतकं कमी का बोललं जातं? मला तरी याचं कारण एकच दिसतं. पहिल्या वेळी शिक्षा 'आपल्याला' झाली होती.

प्रतिष्ठा म्हणजे मान ना? मान तर मिळवावा लागतो.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात अडकतात. कौतुक मिळवावं लागतं. शंभर मीटरमध्ये पहिली आलेली मुलगी, सुंदर चादर विणणारा कारागीर, खरं बोलणारा साक्षीदार यांना आपण जास्त मान देतो आणि तो द्यावाच.

माणसाची प्रतिष्ठा म्हणजे त्याच्या खालचा मजला. तो कुणी मिळवलेला नसतो, म्हणून कुणाला काढूनही घेता येत नाही. नापास झालेल्याकडे तो असतो, भीक मागणाऱ्याकडे असतो, चोरी सिद्ध झालेल्याकडेही असतो. चोराला शिक्षा होते, पण त्याला उपाशी ठेवता येत नाही, चौकात उभं करून त्याच्यावर थुंकता येत नाही आणि त्याच्या मुलीला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही. ते जे 'करता येत नाही', ती प्रतिष्ठा.

पण सगळे समान कसे? कुणी हुशार असतो, कुणी नसतो.

उंची, ताकद, गणित, आवाज या बाबतीत कुणीच समान नाही आणि तसा दावाही कुणी करत नाही. समान मोल म्हणजे माणूस म्हणून मोजताना प्रत्येकाला एक धरायचं. अर्धा नाही, दीड नाही.

याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर त्याला उलटं विचारा: कोणत्या गुणावरून मोल कमी-जास्त ठरवायचं ते सांग. बुद्धी म्हणाल तर तान्हं बाळ आणि विसरभोळी झालेली आजी दोघं खाली जातात. ताकद म्हणाल तर आजारी माणूस जातो. कमाई म्हणाल तर तुम्ही सगळे विद्यार्थी जाता. कोणताही गुण धरा, त्यातून अशी माणसं गळतात ज्यांना गाळायची तुमची स्वतःची तयारी नसते. आणि इतिहासात एक गोष्ट सतत दिसते: माप ठरवणारा स्वतः कधीच त्या मापात कमी पडलेला नाही. जन्म हे तर सगळ्यात सोयीचं माप. त्यात पुढे कुणी कितीही काहीही केलं तरी निकाल बदलत नाही.

संविधानात हे कुठे लिहिलंय?

रोज परिपाठाला म्हणता त्या उद्देशिकेतच. शेवटाकडे 'व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता' असे शब्द येतात. क्रम बघा. आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. आणि हे सगळं 'बंधुता' या शब्दाला जोडलेलं आहे. १९४६ साली संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा हा भाग नव्हता. डॉ. आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने तो मुद्दाम घातला.

पुढे अनुच्छेद १४ मध्ये कायद्यापुढे समानता आहे. १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभावाला मनाई आहे, आणि त्यातच दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन ती सगळ्यांना खुली आहेत असं म्हटलंय. १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. २१ मध्ये जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे. अनुच्छेदांचे आकडे पाठ नसले तरी चालेल. १५ मध्ये विहिरीचा उल्लेख का करावा लागला, एवढं मात्र घरी जाऊन विचारा.

तो जुना कायदा गेला ना? मग विषय संपला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. इतर सगळ्यांना १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालेलं स्वातंत्र्य त्यांना पाच वर्षांनी मिळालं, असं त्या वस्त्यांतले जुने लोक म्हणायचे.

पण त्याच सुमारास राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. त्यात जमातीऐवजी एकेका माणसाची नोंद होते, म्हणजे कागदावर फरक मोठा आहे. प्रत्यक्षात पोलिसांची जुनी सवय नव्या वहीत आली. कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालाकडे, हे आजही अनेकांच्या अनुभवाचं आहे.

अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांबद्दल एक निकाल दिला. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडलोट अमक्या जातीने आणि स्वयंपाक अमक्या जातीने करायचा, असं लिहिलेलं होतं. काही ठिकाणी विमुक्त जमातींतल्या कैद्यांना सराईत गुन्हेगार समजण्याची भाषा होती. न्यायालयाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. १८७१ ची कल्पना २०२४ पर्यंत छापील नियमांत शिल्लक होती, म्हणजे 'विषय संपला' म्हणायला घाई नको.

आमच्या वर्गात सहलीचे पैसे हरवले. सरांनी दोघांचीच दप्तरं तपासली. हा भेदभाव आहे का?

दप्तरं तपासली म्हणून नाही. ती *का* तपासली यावर ठरेल. हे नीट सोडवून बघू.

समजा आठवीच्या वर्गात सहलीचे साडेतीनशे रुपये एका मुलीच्या कंपासपेटीतून गेले. मधल्या सुट्टीत वर्ग उघडा होता. सरांनी वस्तीतून येणाऱ्या दोन मुलांना उभं केलं आणि त्यांची दप्तरं बाकावर उलटी केली. एकाच्या दप्तरातून वह्या, अर्धी भाकरी आणि बहिणीची जुनी रिबीन पडली. मागच्या बाकावरून हसू आलं. पैसे नव्हते. सर म्हणाले, "बरं, बसा." आणि तास सुरू झाला.

आता पहिला प्रश्न: या दोघांबद्दल *वैयक्तिक* काही कारण होतं का? म्हणजे कुणी त्यांना त्या बाकाजवळ पाहिलं होतं का? सुट्टीत वर्गात तेच दोघे होते का? तसं असेल तर विचारणं चुकीचं नाही. दुसरा प्रश्न: तीच खूण दुसऱ्या कुणाबद्दल असती, समजा डॉक्टरांच्या मुलाबद्दल, तर त्याचंही दप्तर असं सगळ्यांसमोर उलटं केलं असतं का? तिसरा प्रश्न: निघालं काहीच नाही, तेव्हा सर त्या दोघांना काही बोलले का?

या वर्गात पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'नाही' आणि तिसऱ्याचंही 'नाही'. हा भेदभाव आहे. सरांच्या मनात द्वेष असेलच असं नाही, कदाचित त्यांना ती नुसती सवय वाटत असेल. पण ज्याच्या दप्तरातली अर्धी भाकरी चाळीस जणांनी पाहिली, त्याला सरांच्या हेतूने काय फरक पडतो?

शिक्षकांनी काय करायला हवं होतं, हेही विचारता येईल. आधी वर्गाला सांगायचं की पैसे हरवलेत, चुकून कुणाकडे गेले असतील तर सुट्टीनंतर टेबलावर ठेवा, कोण ते विचारणार नाही. मुलीला पुन्हा एकदा नीट बघायला सांगायचं. कपाट, बाकाखाली, दुसरी वही. ही पायरी वाटते त्याहून जास्त वेळा काम करते. मग कुणाबद्दल ठोस काही कळलं तर त्याला बाजूला बोलवून, दुसऱ्या शिक्षकासमोर विचारायचं. आणि दप्तरं बघायचीच असतील तर सगळ्यांची, एकेकाने आपलं आपण उघडून.

आणि पैसे त्याच्याच दप्तरात सापडले असते तर? सर बरोबर होते ना?

पैशांबद्दल अंदाज बरोबर निघाला असता. वागणं तरीही चुकीचंच राहिलं असतं.

हे पटायला जड जातं, म्हणून दुसरा मुलगा आठवा. त्याचंही दप्तर उलटं झालं होतं. पहिल्याकडे पैसे सापडल्याने दुसऱ्याचा अपमान योग्य ठरतो का? त्याने तर काहीच केलं नव्हतं. शिवाय पहिल्याकडे पैसे सापडणार हे सरांना आधी माहीत नव्हतं. त्यांच्याकडे होती ती फक्त वस्ती. जन्मावरून काढलेला अंदाज कधीकधी खरा निघतो आणि म्हणूनच तो टिकून राहतो. खोटा निघालेला कुणी लक्षात ठेवत नाही, खरा निघालेला सगळे वर्षभर सांगतात.

जात मोजायचीच नाही तर शाळेच्या दाखल्यावर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर ती का लिहायची?

कारण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं ते कोण, हे कळल्याशिवाय त्यांच्यासाठी दार उघडता येत नाही. गुन्हेगार जमातींची वही माणसांना आत कोंडण्यासाठी होती. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींसाठी तीन टक्के आरक्षण आहे, तिथे तीच माहिती त्यांना शाळेत आणि नोकरीत येता यावं म्हणून वापरली जाते. माहिती एकच, काम उलट. आरक्षण किती असावं, कुणाला असावं, यावर वाद होतात आणि व्हावेत. पण आरक्षणातून आलेल्याचं मोल कमी, असं म्हणणं हा वाद नाही, ती तीच जुनी वही आहे.

एक गोष्ट मात्र शाळांनी बदलायलाच हवी. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात मोठ्याने "एससीवाले उभे राहा, व्हीजेएनटीवाले हात वर करा" असं म्हणायची काही गरज नाही. यादी कार्यालयात असते. पालकांना चिठ्ठी देता येते. तुम्हाला उभं राहायला संकोच वाटत असेल तर नंतर कार्यालयात जाऊन अर्ज घ्या, तो तुम्हाला नाकारता येत नाही.

मित्राला गमतीत 'पारध्यासारखा दिसतोस' म्हटलं. त्यात एवढं काय?

तुमच्या मागच्या बाकावर पारधी मुलगी बसलेली असेल तर तिला विचारू नका, ती 'काही नाही' म्हणेल. एका जमातीचं नाव शिवी म्हणून वापरायचं आणि त्या नावाची माणसं शेजारी बसलेली असायची, यात गंमत कुणाची होते ते दिसतंच आहे.

हे फक्त जातीला लागू आहे का?

नाही. मुलीला विज्ञानाच्या प्रदर्शनात फक्त रांगोळी काढायला ठेवणं, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याच्या मराठीची नक्कल करून त्याला वाचायला उभं राहू न देणं, चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला न विचारताच सहलीच्या यादीतून वगळणं, एखाद्या धर्माच्या मित्राला कुठल्याशा दंगलीबद्दल 'तुम्ही लोक' म्हणून जाब विचारणं. सहलीच्या पैशांना लावले तेच तीन प्रश्न इथेही लावून बघा.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची एक गोष्ट मुलींना सांगावीशी वाटते. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल असे इंग्रजी शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सर्व मानव' आलं. आज ते कलम सांगतं की सर्व मानव जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्क यांत समान आहेत.

आमची आजी कामवाल्या मावशींना वेगळ्या कपात चहा देते. मी काय करू?

आजीला 'तू जातीयवादी आहेस' म्हणू नका. ती दुखावेल आणि कप तिथेच राहील. वेगळा कप तिच्या आईच्या घरात होता, त्याचं कारण तिने कधी विचारलं नाही.

आधी विचारा, कप वेगळा का? 'स्वच्छतेसाठी' असं उत्तर येईल. मग विचारा की आपल्याकडे सोलापूर स्टेशनवरून थेट घरी आलेले मामा न धुतलेल्या हातांनी आपल्याच कपात पितात, ते कसं चालतं? त्यानंतर जास्त बोलू नका. दुसऱ्या दिवशी चहा तुम्ही करा आणि मावशींना घरच्याच कपात द्या, त्याच कपात दुसऱ्या वेळी तुम्ही प्या. काही घरांत यावर आठवडाभर कुरकुर होते. मावशींना मात्र या भांडणात मध्ये ओढू नका. त्यांना तिथे रोज काम करायचं आहे.

माझ्यावर असं झालं तर तक्रार कुठे करायची?

आधी त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, तास, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत, कोण हजर होतं. दोन आठवड्यांनी आठवून लिहिलेलं लटकं पडतं. मग घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख. शाळेतून काही झालं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आणि शिक्षणाधिकारी आहेत. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. फार त्रास होत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी आहे. सगळ्या विमुक्त जमाती त्यात येत नाहीत. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि सोलापुरात विमुक्त जातींच्या. म्हणजे तोच अपमान नागपूरच्या कैकाडी मुलाचा झाला तर हा कायदा लागतो, सोलापूरच्या कैकाडी मुलाचा झाला तर लागत नाही. तक्रार करता येते, पण दुसऱ्या कलमांखाली. म्हणून दाखल्यावर नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा.

आणि प्रसंगाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. ज्याचा अपमान झाला, तो त्याला पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

शाळेच्या प्रकल्पासाठी सेटलमेंटवर काम करायचं आहे. कसं करू?

वस्तीत कॅमेरा घेऊन घुसू नका. तिथे तुमच्याच वर्गातलं कुणी राहत असेल तर आधी त्याला विचारा की तुला चालेल का, आणि नाही म्हणाला तर दुसरा विषय घ्या. चालत असेल तर त्याच्या ओळखीने एखाद्या वयस्कर माणसाकडे जा. 'तुमच्यावर गुन्हा होता का' असं विचारू नका. आजोबा-पणजोबा कोणत्या गिरणीत होते, पाळी कितीची होती, हजेरी कुठे लागायची, तार कधी निघाली, शाळेत पहिल्यांदा कोण गेलं, हे विचारा. एका वेळी एकच जण विचारेल, बाकीचे लिहून घेतील असं ठरवा. नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. लिहून झालं की छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, आणि ते म्हणतील ती ओळ काढून टाका.